कंस पूर्ण

छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करायचे, तेव्हा आम्ही जोडीनं बसायचो. एकीनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं मुद्रितावर पेन्सिल फिरवायची. वाचणारी फक्त शब्द वाचून थांबत नसे. ती म्हणायची, "स्वल्पविराम", "कंस सुरू", "कंस पूर्ण". बाहेरून ऐकणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटे, पण आम्हाला ठाऊक होतं, की शब्द चुकला तर वाचकाच्या लक्षात येतो आणि कंस चुकला तर कुणाच्याच लक्षात येत नाही. अर्थ मात्र गुपचूप बदलून बसतो. नोकरी संपून बरीच वर्षं झाली. ही सवय पुन्हा कामाला लागली ती नागपूरच्या प्रताप नगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात, बिस्किटाच्या एका गोल पुड्यावर.

शेजारच्या माईंच्या चार वर्षांच्या नातवाला दुधाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही, पोट फुगतं, एवढ्यावर भागणारी तक्रार नाही ही. दुधातल्या प्रथिनाचा अंश पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, एकदा रात्री दवाखाना गाठावा लागला होता. आईवडील दोघं मिहानमध्ये नोकरीला, दिवसभर पोरगा माईंच्या ताब्यात. माई चष्मा लावूनही पुड्यावरचं वाचू शकत नाहीत. त्या दिवशी त्या पुडा घेऊनच आल्या. म्हणाल्या, "ताई, जरा पाहून सांगता का? गटावर कोणीतरी यादी टाकली, त्यात दूध नाही म्हणते. पण मला तर पुड्यावर काही दिसूनच नाही राहिलं."

मोबाइलवरच्या गटातली ती यादी मी पाहिली. टाकणाऱ्या बाईंनी मनापासून मदत केली होती. पुड्याचा फोटो काढला, त्यावरून मजकूर टाइप केला आणि वाचायला सोपं जावं म्हणून कंस काढून टाकले, आकडे काढून टाकले, उरलेले शब्द स्वल्पविरामांनी जोडले. मैदा, पाम तेल, साखर, चॉकलेट चिप्स, साखर, कोको, कोको बटर, इमल्सिफायर ३२२. सुबक, सरळ आणि पूर्ण वाटणारी यादी. दूध कुठेच नाही.

मी माईंना त्या बाईंकडून मूळ फोटो मागवायला लावला. फोटोतली शेवटची ओळ अशी संपत होती: इमल्सिफायर (३२२. आणि पुढे काही नाही, पुड्याची गोलाई सुरू. कंस उघडला होता, मिटला नव्हता. मी सुरुवातीपासून मोजले. सात कंस उघडलेले, पाच मिटलेले. दोन अजून उघडे आहेत, म्हणजे यादी संपलेली नाही, ती पुड्याच्या मागे वळून गेली आहे. पुडा फिरवला. तिकडच्या बाजूला होतं, मिल्क सॉलिड्स.

टाइप करताना कंस ठेवले असते, तर उघडा कंस बघून कुणीही विचारलं असतं की पुढचं कुठे आहे. कंस काढले आणि यादी तुटलेली आहे याचा एकमेव पुरावाच पुसला गेला. मला त्या बाईंवर राग नाही. पण "सोपं करून लिहिलं" या तीन शब्दांवर आहे. घटकांची यादी सोपी करून लिहायची नसते. ती जशी छापली आहे तशी उतरवायची असते.

तो पुडा मी नंतर वहीत उतरवून घेतला. पुड्यावर इंग्रजी आहे. माईंना वाचता यावं म्हणून अक्षरं देवनागरीत केली, पण कंस, स्वल्पविराम, टक्के आणि क्रम जिथल्या तिथे ठेवले:

रिफाइंड व्हीट फ्लोअर (मैदा) (४६%), एडिबल व्हेजिटेबल ऑइल (पाम), शुगर, चॉकलेट चिप्स (१२%) [शुगर, कोको सॉलिड्स (२२%), कोको बटर, इमल्सिफायर (३२२)], इन्व्हर्ट शुगर सिरप, मिल्क सॉलिड्स (०.९%), रेझिंग एजंट [५०३(ii), ५००(ii)], आयोडाइज्ड सॉल्ट.

अकरा कंस उघडतात, अकरा मिटतात. नऊ गोल, दोन चौकोनी. आता हे वाचायचं कसं ते बघा, कारण प्रत्येक कंसाचं काम वेगळं आहे.

मैद्यापाशी दोन कंस शेजारी शेजारी आहेत. पहिला नाव सांगतो: व्हीट फ्लोअर म्हणजे कणीक समजू नका, हा मैदा आहे. दुसरा प्रमाण सांगतो. तेलापाशीचा कंस जात सांगतो: तेल कोणतं, तर पामचं. चिप्सपाशी मोठा चौकोनी कंस उघडतो तो मात्र घरात घर दाखवतो. चॉकलेट चिप्स हा स्वतःच तयार केलेला पदार्थ आहे, त्याला त्याचे घटक आहेत, आणि त्या चौकोनी कंसात जे काही आहे ते चिप्सच्या पोटात आहे, बिस्किटाच्या पिठात नाही. इमल्सिफायरपुढचा ३२२ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे, लेसिथिनचा. ते बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं, म्हणून सोयाची ॲलर्जी असणाऱ्याच्या घरात हा आकडा पाठ असायला हवा. शेवटी ५००(ii) मध्ये (ii) हा घटक नाही की प्रमाण नाही, तो क्रमांकाचाच तुकडा आहे. ५००(ii) म्हणजे आपला खायचा सोडा. ५०३(ii) म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, बिस्किट भाजताना हवेत उडून जाणारं आणि जाताना त्याला खुसखुशीत करणारं. कुणी कंस काढून "५०० २" असं लिहिलं तर वाचणारा त्याला ५०० मिलिग्रॅमपासून दोन टक्क्यांपर्यंत काहीही समजू शकतो.

आता टक्क्यांकडे. चिप्स १२%, आणि त्यांच्या पोटात कोको २२%. माईंच्या मुलानं संध्याकाळी हेच विचारलं, "काकू, बिस्किटात बावीस टक्के कोको आहे म्हणजे चांगलंच आहे ना?" नाही. बिस्किटात चिप्सच एकूण १२ टक्के आहेत. त्यांच्या आतला कोको पूर्ण बिस्किटाच्या २२ टक्के असूच शकत नाही, पोटातलं पोरगं आईपेक्षा मोठं कसं होईल? म्हणजे हे २२ टक्के चिप्सचे. शंभर ग्रॅम बिस्किटात चिप्स १२ ग्रॅम, त्यांतला कोको २२ टक्के, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. पुड्याच्या दर्शनी बाजूला मात्र चॉकलेट वितळून ओघळताना दाखवलं आहे.

आतल्या टक्क्याचा हा घोळ मी अनेक वेष्टनांवर पाहिला आहे. कुठे आतला टक्का पूर्ण पदार्थाचा असतो, कुठे फक्त त्या उपपदार्थाचा, आणि कुठला ते लिहिलेलं नसतं. ओळखायचं ते असं. आतल्या टक्क्यांची बेरीज बाहेरच्या टक्क्याच्या आत बसत असेल तर दोन्ही शक्यता उघड्या राहतात, तिथे छातीठोक काही म्हणू नये. बेरीज बाहेरच्यापेक्षा मोठी झाली की निकाल लागला, आतले आकडे फक्त उपपदार्थाचे. पण हे कळायला आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे आधी दिसायला हवं. सगळे कंस काढून "चिप्स १२%, साखर, कोको २२%" असं लिहिलं, की माईंच्या मुलाचा समज वाचणाऱ्या प्रत्येकाचा होणार.

साखरेचंही तसंच. यादीत साखर दोनदा येते, एकदा बाहेर आणि एकदा चौकोनी कंसाच्या आत. शिवाय इन्व्हर्ट सिरप आहे, तेही साखरच, फक्त पातळ. नियमानं घटक उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, बाहेरही आणि कंसाच्या आतही. चिप्सच्या कंसात साखर पहिली आहे, मग कोको २२ टक्के, मग कोको बटर जे २२ पेक्षा जास्त असणार नाही, आणि लेसिथिन चिमूटभर. वजाबाकी करा, चिप्समध्ये निम्म्याहून अधिक साखरच उरते. म्हणजे शंभर ग्रॅम बिस्किटात जे बारा ग्रॅम चिप्स "चॉकलेट" म्हणून येतात, त्यांत सहा ग्रॅमपेक्षा जास्त साखर आहे. बाहेरची साखर वेगळी. हे सगळं पुड्यावरच छापलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही. फक्त कंसाच्या आत आहे.

दुसऱ्या दिवशी गटावर दुरुस्ती आली. त्याच बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, माफ करा, दूध आहे, ९%. या वेळी दशांशचिन्ह गेलं. चकचकीत वेष्टनावर उजेडाचा एक पांढरा पट्टा नेमका शून्य आणि टिंबावर पडला होता, फोटोत नुसता नऊ दिसत होता. दुधाची ॲलर्जी असलेल्या पोराला ०.९ काय आणि ९ काय, दोन्ही सारखेच वर्ज्य, हे खरं. पण त्या गटात मधुमेही आहेत, मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी आकडा आकडाच असतो. आणि हा आकडा चूक आहे हे पुडा हातात न घेताही सिद्ध करता येतं, ते मी गटावर लिहिलं.

हिशेब असा. दूध नऊ टक्के असेल तर त्याच्या आधी छापलेलं सिरप किमान नऊ टक्के हवं, कारण क्रम उतरता आहे. चिप्स १२ छापलेलेच आहेत. त्यांच्या आधीची साखर किमान १२, तिच्या आधीचं तेलही किमान १२. मैदा ४६. करा बेरीज: ४६, १२, १२, १२, ९, ९. बरोबर शंभर. आणि अजून सोडा आणि मीठ शिल्लक आहेत, त्यांना जागाच उरली नाही. म्हणजे दूध नऊ टक्के असणं अशक्य. बेरीज करताना एक ध्यानात ठेवायचं, हे प्रमाण बिस्किट बनवताना घातलेल्या मालाचं असतं, भाजून झालेल्या बिस्किटाचं नव्हे. नियमातही बनवतेवेळचंच प्रमाण धरलं आहे. यादीचा क्रम बदलला असता, कुणी दूध "महत्त्वाचं म्हणून" वर नेऊन ठेवलं असतं, तर हा पडताळा करायची सोयच उरली नसती. क्रम हा यादीचा पहारेकरी आहे.

आता नियमाचा एक दरवाजा सांगते, जो माहीत नसला की पूर्ण यादी वाचूनही फसगत होते. उपपदार्थ एकूण मालाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याचे आतले घटक कंसात देण्याची सक्ती नाही. कार्य करणारी मिश्रणद्रव्यं तेवढी सांगावी लागतात. म्हणून चिवड्याच्या पाकिटावर "मसाला" एवढाच शब्द दिसतो आणि आत काय ते कळत नाही. ॲलर्जीच्या घटकांना मात्र ही सवलत नाही. ग्लूटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि कवचाचा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट, हे आठ गट असतील तर वेगळ्या ओळीत "कंटेन्स" असं लिहून सांगायचे असतात. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत हे आहे.

मग माईंच्या पुड्यावर ती ओळ नव्हती का? होती. कुठे होती ते ऐका. गोल पुड्याची प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून मागे एकावर एक आणून उष्णतेनं चिकटवतात, तिथे उभी पाळ तयार होते. ती पाळ एका बाजूला दुमडून बसते. "कंटेन्स व्हीट, मिल्क, सोया" ही ओळ त्या दुमडलेल्या पाळेखाली होती. नखानं पाळ उचलली तेव्हा दिसली. छापली होती, नियम पाळला होता, आणि माईंना ती दिसण्याची सुतराम शक्यता नव्हती. मला हे सहन होत नाही. जी ओळ पोराचा जीव वाचवण्यासाठीच लिहायला लावली आहे, ती दुमडीखाली जाणार हे वेष्टनाचा आराखडा करणाऱ्याला पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं.

गोलाईचा त्रास किती असतो याचाही हिशेब करून ठेवला आहे, कारण "म्हातारपण आहे, दिसत नाही" असं म्हणून माईंसारख्यांना गप्प बसवलं जातं. साडेसहा सेंटिमीटर व्यासाची बाटली घ्या. तिचा घेर साधारण वीस सेंटिमीटर. त्यावर नऊ सेंटिमीटर लांबीची ओळ छापली, की ती घेराचा जवळजवळ निम्मा भाग व्यापते. ओळीचा मध्य डोळ्यांसमोर धरला तर दोन्ही टोकं जवळपास ऐंशी अंशांनी वळलेली असतात, आणि तिथलं अक्षर आपल्याला खऱ्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी दिसतं. ओळ बारा सेंटिमीटर केली तर एक टोक दिसतं तेव्हा दुसरं बाटलीआड जातं, तरण्याताठ्या डोळ्यांनाही दोन्ही टोकं एका वेळी दिसत नाहीत. दोष डोळ्यांचा नाही, भूमितीचा आहे. त्यात अक्षर बारीक. आपल्याकडे वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांत किंमत-वजनासारख्या सक्तीच्या मजकुराला अक्षराची किमान उंची एक मिलिमीटर ठेवली आहे. युरोपात खाद्यवेष्टनावरच्या सक्तीच्या मजकुरासाठी लहान लिपीतल्या x या अक्षराचीच उंची १.२ मिलिमीटर हवी, अगदी छोट्या वेष्टनावर ०.९. खालीवर शेपट्या-शेंड्या असलेली अक्षरं तिथे आपोआप त्याहून मोठी होतात. मोजायचं काय, हे ठरवण्यातच अर्धी लढाई असते.

आणि भाषा. कायद्यानं इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी, यांपैकी एक पुरेशी आहे; मराठी छापायला मनाई नाही, सक्तीही नाही. त्यामुळे नागपुरात विकलेल्या पुड्यावर "दूध" हा शब्द मराठीत दिसेलच याची खात्री कुणी देत नाही. माईंना "मिल्क" कळतं. "केसिनेट" आणि "व्हे पावडर" हेही दूधच, हे त्यांना मी शिकवलं. या शब्दांची चिठ्ठी आता त्यांच्या फ्रिजवर आहे.

एक बाटली अजून, कारण ती आमच्या गावच्या फळाची आहे. चौकातल्या किराण्यातून मुलांसाठी आणली. समोर सोललेलं संत्रं, फोडीतून रस उडतोय. मागच्या यादीत:

वॉटर, शुगर, ऑरेंज ज्यूस कॉन्सन्ट्रेट (१.७%)*, ॲसिडिटी रेग्युलेटर (३३०), स्टॅबिलायझर (४१२) …

पुढेही बरंच आहे. मला थांबवलं ते त्या इवल्या तारकेनं. यादी संपेपर्यंत तिची टीप सापडत नाही. टीप बाटलीच्या पलीकडच्या अंगाला, बारकोडखाली, आडवी: "*१०% संत्र्याच्या रसाइतका". माझ्या भाचीनं आधी १.७ वाचलं आणि चिडली, की ही शुद्ध फसवणूक आहे. तिच्या मैत्रिणीनं टीप वाचली आणि म्हणाली, दहा टक्के रस आहे, ठीक आहे. दोघी खरं बोलत होत्या. रस आटवून घट्ट केला की त्यातली विद्राव्य साखर वगैरे साधारण ६५ टक्क्यांपर्यंत जाते, ताज्या संत्र्याच्या रसात ती साधारण ११ असते. म्हणजे आटवलेला एक भाग पाणी घालून पुन्हा सैल केला तर ताज्या रसाचे जवळपास सहा भाग होतात. १.७ ला ६५ नं गुणा आणि ११ नं भागा, दहाच्या जरा वर येतं. आणि दहा हा आकडाही आकाशातून पडलेला नाही. फळांच्या तयार पेयात रसाचं किमान प्रमाण दहा टक्के हवं असा आपला निकष आहे, लिंबाला पाच. बाटली निकषाच्या उंबरठ्यावर उभी आहे, इतकंच.

आता ही यादी कुणी तारका गाळून उतरवली, तर बनवणाऱ्यावर अन्याय होतो. टीप तेवढी उचलून "दहा टक्के रस" लिहिलं, तर घेणाऱ्याला वाटतं बाटलीत दहा टक्के रस ओतला आहे, आणि पहिले दोन घटक पाणी आणि साखर आहेत हे नजरेआड होतं. दोन्ही हवं, तारकेसकट. आटवलेल्या रसापासून पुन्हा केलेल्या पेयावर "१००% फळांचा रस" असं लिहू नका, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये काढला, तोही याच धाग्यातला. असा रस घटकयादीत पुन्हा तयार केलेला आहे असं सांगायचा, आणि किलोला १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली तर "स्वीटन्ड" असं छापायचं. संत्रं नागपुरी आहे की नाही, हे मात्र यादी सांगत नाही. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बाटलीवर त्याचं नाव नसेल तर चित्रावरून ते गृहीत धरू नये.

माईंना मी उतरवून घेण्याची रीत शिकवली ती इथे देते, ज्यांना लागेल त्यांनी घ्यावी. पुडा उन्हात थेट धरायचा नाही, खिडकीशी आडवा धरायचा, उजेड बाजूनं आला की चकाकीचा पट्टा अक्षरांवरून सरकतो. मोबाइलनं एक फोटो काढून समाधान मानायचं नाही. पुडा थोडा थोडा फिरवत तीन किंवा चार काढायचे, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतले शेवटचे दोन शब्द यायलाच हवेत. ते शब्द जुळले नाहीत तर मधलं काहीतरी सुटलं. पाळ असेल तर ती उचलून वेगळा फोटो. मग दोघांनी बसायचं. एकानं पुड्यावरून वाचायचं, फोटोवरून नाही, आणि सगळं म्हणायचं, कंस सुरू, कंस पूर्ण, टक्के, टिंब. लिहिणाऱ्यानं शेवटी कंस मोजायचे.

सर्वांत अवघड सवय शेवटची आहे. छापण्यातच चूक असेल तर ती सुधारायची नाही. एका शेवेच्या पाकिटावर चौकोनी कंस उघडला आहे आणि मिटलेलाच नाही. मीठ मसाल्याच्या आतलं की बाहेरचं हे त्यामुळे कळत नाही. माझा हात शिवशिवला, अनेक वर्षांची सवय. पण मी तो कंस मिटवला असता तर मीठ कुठे आहे हे मी ठरवलं असतं, कंपनीनं नव्हे. म्हणून तो तसाच उघडा ठेवला, आणि खाली वेगळ्या शाईत लिहिलं, "छापील चूक, कंस अपूर्ण". बॅच क्रमांक आणि तारीख लिहून ठेवली, कारण तक्रार करायची तर तेवढंच कामाला येतं.

तारीख आणखी एका कारणानं लागते. कृती बदलली की वेष्टनाचा रंग, चित्र, नाव तेच राहतं आणि यादी बदलते. मागच्या महिन्यात माईंनी नातवासाठी ठरवून ठेवलेल्या, दूध नसलेल्या, टोस्टचा नवा पुडा आणला. त्यांनी आपणहून वही काढली. सूनबाईंनी पुडा खिडकीशी धरून वाचायला सुरुवात केली, माईंचं बोट जुन्या पानावर सरकत होतं. मैदा कंस सुरू, कंस पूर्ण. साखर. तेल कंस सुरू, पाम, कंस पूर्ण. यीस्ट. मग सूनबाई एक शब्द जास्त बोलल्या.

"थांब," माई म्हणाल्या, "हा कंस माझ्या पानावर नाही."

पुडा पुन्हा फिरवला. इम्प्रूव्हर, आणि त्याच्यापुढे चौकोनी कंसात तीन घटक, मधला व्हे पावडर. टोस्ट शेजारी माझ्याकडे आले. जुन्या पानावर माईंनी आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या थरथरत्या अक्षरात नवी यादी लिहायला घेतली, मोठे मोठे कंस काढून.